घरात सगळं असलेल्या ताईला लग्नात काय द्यावं: आपल्या कपाटातले तिचे फोटो

माझ्या मामेबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा तिचं स्वतःचं घर मांडून आठ वर्षं झाली होती. होणाऱ्या भावोजींचंही घर होतं. दोन घरांचं सामान एका घरात बसवायचं असल्यामुळे दोघं बसून काय काय काढून टाकायचं याची यादी करत होते. "काही आणू नकोस गं, ठेवायला जागा नाही," असं ताईने मला आधीच बजावलं होतं.

अशा वेळी हात आपोआप पाकिटाकडे जातो. पाकिटात वाईट काहीच नाही, पण ते कोणीही देऊ शकतं. मी तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारला: ही भेट ताईच्या ऑफिसातली एखादी मैत्रीणही देऊ शकली असती का? नाटकाची तिकिटं, सहलीचं बुकिंग, चांगली चादर, कुंडीतलं झाड या सगळ्यांचं उत्तर 'हो' आलं. मग चुलत, मामे, आते, मावस भावंडांकडेच असेल असं काय उरतं? आजी-आजोबा सामाईक असतात, आणि लहानपणीच्या सुट्ट्याही सामाईक असतात. शिवाय एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पूर्वी ज्याचा कॅमेरा, त्याच्याच घरी फोटो जायचे. आमच्याकडे कॅमेरा बाबांचा होता, मामाकडे नव्हता. त्यामुळे ताईच्या लहानपणाचे निम्मे फोटो तिने कधी पाहिलेच नव्हते. ते आमच्या कपाटात पडून होते.

तर या फोटोंचं एक छापील पुस्तक कसं करायचं ते इथे लिहिते आहे. फळीवर ते दोन-अडीच सेंटिमीटर जागा घेतं, एवढी जागा कुठल्याही भरलेल्या घरात निघते.

आधी दिवस मोजा

लग्नाच्या तारखेपासून मागे मोजत या. फोटो गोळा करायला दोन आठवडे, स्कॅनिंग आणि मोठ्यांशी गप्पा यांना तीन, निवड आणि ओळी लिहायला दोन, नमुना प्रत पाहून दुरुस्त्या करायला एक, आणि छपाई, बांधणी, पोचण्यासाठी दोन. असे दहा आठवडे होतात. तुमच्याकडे तीनच असतील तर दहा आठवड्यांचं काम तीनात कोंबू नका, पुस्तकच लहान करा. वीस पानं आणि पंधरा फोटो असलेलं नीट पुस्तक हे घाईत केलेल्या शंभर पानांपेक्षा शंभर पटींनी बरं.

फोटो गोळा करणं

फोटो मागताना मूळ प्रतच मागा. "फोनवर काढून पाठवते" असं प्रत्येक जण प्रेमाने म्हणतो आणि मग ट्यूबलाइटची चकाकी पडलेला, तिरका, मेसेजिंग ॲपने दाबून लहान केलेला फोटो येतो. स्क्रीनवर तो चालतो. पण छपाईसाठी दर इंचाला साधारण ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो सव्वापाच इंचांपर्यंतच नीट छापला जातो. त्यापुढे तो विस्कटतो.

एका वेळी एकच अल्बम आणा, कुणाकडून कधी आणला ते वहीत लिहा, आणि काहीही हलवण्याआधी प्रत्येक पानाचा फोनवर एक फोटो काढून ठेवा. कुठला फोटो कुठे होता हे नंतर कळायला तेवढं पुरतं. शिवाय अल्बममधला क्रम हीच एक माहिती असते. शेजारशेजारचे फोटो बहुतेक एकाच रिळातले, म्हणजे एकाच सहलीतले किंवा समारंभातले असतात.

फोटोच्या पाठीवर बॉलपेनने काही लिहू नका, पेनाचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ शिसपेन्सिल चालते. गुळगुळीत पाठीच्या कागदावर पेन्सिलही उठत नाही, तिथे फोटो पाकिटात घालून पाकिटावर आकडा लिहावा.

आता खरी डोकेदुखी: चिकट पानांचे अल्बम. पानावर गोंदाच्या रेघा आणि वर प्लास्टिकचा पडदा असतो, तेच. वीस-तीस वर्षांत त्यांतला गोंद एक तर सुकून सोडून देतो, नाही तर फोटोला कायमचा धरून बसतो. अशा पानातून फोटो नखाने उचकटू नका, कोपरा मुडपला की तिथला थर तडकतो. दात साफ करायचा मेण नसलेला फ्लॉस घ्या आणि करवतीसारखा पुढे-मागे करत फोटो आणि पान यांच्यामधून हळूहळू सरकवा. अडलं तर पानाच्या पाठीमागून केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा काही सेकंद द्या आणि पुन्हा बघा. तरीही हलला नाही तर सोडून द्या, पडदा उचलून आख्खं पानच स्कॅन करा.

तसबिरीच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र अजिबात ओढायचा नाही. चित्र कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असतं. ओल लागली की तो थर फुगतो आणि काचेला घट्ट बसतो. ओढलात तर कागद हातात येईल आणि चेहरा काचेवर राहील. तो काचेसकटच स्कॅन करायचा. आमच्या आजोबांचा एक फोटो असाच, काचेतूनच पुस्तकात आला आहे, आणि सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही.

स्कॅन करताना

साधा सपाट काचेचा स्कॅनर पुरतो. कागद आपोआप ओढून घेणाऱ्या यंत्रात जुने फोटो घालू नका, अडकला की संपलं. काच पुसताना द्रव कापडावर घ्या, काचेवर फवारू नका. फोटोवरची धूळ मऊ ब्रशने झटका आणि तोंडाने फुंकर मारणं टाळा, थुंकीचे ठिपके पडतात.

डीपीआय, म्हणजे स्कॅनरने दर इंचाला किती ठिपके वाचायचे, तो किती ठेवायचा, हा सगळ्यांचा प्रश्न. उत्तर साध्या गुणाकारात आहे. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. छापताना त्यांना ३०० ने भागा, आठ बाय बारा इंच येतात. म्हणजे मूळ फोटोच्या दुप्पट आकारापर्यंत तो निर्धास्त छापता येतो. पासपोर्ट आकाराचा फोटो असेल तर १२०० डीपीआय ठेवा, साधारण १६५० बाय २१२५ पिक्सेल मिळतात आणि तो पाच बाय सात इंचांचा छापता येतो. याहून वर जाऊन उपयोग नाही. कागदावरच्या फोटोत तेवढा तपशीलच नसतो, फक्त कागदाचे तंतू मोठे दिसू लागतात.

निगेटिव्ह सापडली तर मात्र नशीब उघडलं म्हणा. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हचं चित्र २४ बाय ३६ मिलिमीटर एवढंच असतं, पण त्यात छापील फोटोपेक्षा जास्त तपशील असतो. पारदर्शक पट्ट्या वाचणारा स्कॅनर लागतो आणि ३२०० डीपीआय ठेवावा लागतो. बाबांच्या डब्यात मला ताईच्या एका वाढदिवसाची निगेटिव्ह मिळाली. छापील फोटोत डावीकडची कडा कापली गेली होती, निगेटिव्हमध्ये तिथे मामी उभी होती.

प्रत्येक स्कॅन टिफ प्रकारात, म्हणजे चित्रातला तपशील न गाळणाऱ्या फाइलीत ठेवा. वर सांगितलेल्या चार बाय सहा फोटोची फाइल साधारण २६ एमबीची होते, ती मूळ म्हणून बाजूला राहू द्या आणि सगळ्या दुरुस्त्या तिच्या नकलेवर करा. फाइलच्या नावात अल्बम, पान आणि फोटो हे तिन्ही असू द्या. मी `A03_p07_2.tif` असं ठेवत होते: तिसरा अल्बम, सातवं पान, दुसरा फोटो. साडेतीनशे फाइलींच्या ढिगात याच नावांनी मला तारलं. सगळं दोन ठिकाणी ठेवा आणि त्यातलं एक ठिकाण घराबाहेरचं असू द्या.

जुने रंगीत फोटो तांबूस दिसतात, कारण रंगीत कागदातल्या तीन रंगांपैकी निळसर-हिरवा, म्हणजे सायन, त्या काळच्या बऱ्याच कागदांत आधी उडतो. लाल छटा थोडी उतरवा, चेहरे माणसांसारखे दिसू लागले की थांबा. पूर्ण पांढरा पांढरा करायला गेलात तर आकाश हिरवं होतं आणि सगळे आजारी दिसतात. सुरकुत्या आणि डागही असू द्यावेत असं माझं मत आहे. चेहऱ्यावरून जाणारी घडी तेवढी काढावी.

स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या सावलीत, फ्लॅश बंद करून, फोन फोटोला अगदी समांतर धरून काढा. जरा लांबून, दुप्पट झूमवर काढला की कडा वाकत नाहीत. दाणेदार, रेशमी पोताच्या कागदावर तर स्कॅनरपेक्षा हा मार्गच बरा पडतो, कारण स्कॅनरचा प्रकाश त्या दाण्यांवर चमकून पांढरे ठिपके उमटतात.

मोठ्यांशी बोलणं

पुस्तकाचा जीव इथे आहे आणि इथेच घाई होते. अल्बम समोर ठेवून "हे कोण?" असं विचारत गेलात तर नावांची यादी मिळते आणि अर्ध्या तासात मोठी माणसं दमतात. मी एका बैठकीत दहाच फोटो घ्यायचे ठरवलं आणि तीन प्रश्न ठेवले: हा फोटो कोणी काढला? या वेळी घरातलं कोण फोटोत नाही, आणि ते कुठे होतं? फोटो काढून झाल्यावर काय झालं?

दुसऱ्या प्रश्नाने सगळ्यात जास्त मिळतं. अंगणातल्या एका गटाच्या फोटोबद्दल मामाला "यात मावशी का नाही?" असं विचारलं, तर तो हसायलाच लागला. मावशी आतल्या खोलीत रुसून बसली होती, कारण आजोबांनी तिची सायकल विकली होती. ही गोष्ट आईला माहीत होती, ताईला नव्हती, मला तर नव्हतीच. फोटोखाली 'अंगणातला गट' एवढंच छापलं असतं तर ती हरवली असती.

बोलणं रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. फोन टेबलावर उघडा ठेवू नका, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, नाही तर कपाची प्रत्येक टणटण रेकॉर्डिंगमध्ये येते. पंखा जमेल तेवढा बंद. गटाच्या फोटोसाठी त्याची साध्या कागदावर छापील प्रत काढा, चेहऱ्यांवर आकडे घाला आणि आकड्यांपुढे नावं लिहून घ्या. "तो मागचा, उजवीकडून तिसरा" असं तोंडी घेतलं की कुणाची उजवी बाजू, यावर घोळ होतो.

दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर न्यायनिवाडा करू नका. मामा म्हणत होता की ती सहल पावसाळ्यातली, आई म्हणत होती उन्हाळ्यातली. मी दोन्ही छापलं, दोघांच्या नावानिशी. पुस्तकातलं ते पान सगळ्यात जास्त वेळा उघडलं जातं.

निवड आणि फोटोखालच्या ओळी

माझ्याकडे सुमारे साडेतीनशे फोटो स्कॅन झाले, पुस्तकात ६१ आले. निवडताना एक मोह टाळावा लागतो: सगळ्यांना खूश करायचा. हे कुटुंबाचं गॅझेट नाही, ताईचं पुस्तक आहे. ज्या फोटोत ताई नाही आणि जो तिला काही नवं सांगत नाही, तो मी बाजूला ठेवला. अपवाद फक्त आजी-आजोबांच्या तरुणपणाचे चार.

ओळी मात्र ताईसाठी लिहू नका, भावोजींसाठी लिहा. मला हे उशिरा सुचलं आणि अर्धं लिखाण पुन्हा करावं लागलं. ताईला 'बंडूकाका आणि मंडळी' पुरतं. भावोजींना ते कोण, ताईचे कोण लागतात, आणि पुढे घरी भेटले तर कसे ओळखायचे, काहीच कळत नाही. तीच ओळ मी अशी केली: 'डावीकडे ताईच्या बाबांचे धाकटे काका. ताईला सायकल यांनी शिकवली, आणि ती पडल्यावर स्वतःच रडले.' दोन-तीन वाक्यं पुरतात. पहिल्या पानांवर एक साधी वंशावळ टाका, त्यात ताईच्या पिढीची जागा दाखवा.

मग निवडलेल्या फोटोंची यादी तिच्या घरातल्या एका विश्वासू माणसाला दाखवा, मी मामीला दाखवली. गेलेली माणसं, तुटलेली नाती, जुनी प्रकरणं, जी आठवण आपल्याला गंमत वाटते आणि तिला लागते, हे बाहेरून कळत नाही. मामीने दोन फोटो काढायला सांगितले. का, ते मी विचारलं नाही.

छपाईला देताना

पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. शिवलेल्या बांधणीत कागद दुमडून जोडपानं होतात, त्यामुळे अधलीमधली संख्या आली की छापखाना कोरी पानं घालतो. माझं ४८ पानांचं झालं. शेवटची चार पानं मी मुद्दाम कोरी ठेवली होती.

पानाच्या कडेपर्यंत जाणारा फोटो कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर वाढवून ठेवावा लागतो, कारण कापताना सुरी थोडी सरकते. चेहरा किंवा अक्षरं कडेच्या अगदी जवळ नकोत. दोन पानांवर पसरलेला फोटो असेल तर मधल्या शिवणीत कुणाचं नाक येत नाही ना, ते बघा. माझ्या पहिल्या नमुन्यात आजीच शिवणीत गेली होती.

मराठी मजकुराची वेगळी काळजी घ्यावी लागते. स्क्रीनवर बरोबर दिसणारी जोडाक्षरं पीडीएफ करताना तुटू शकतात: 'आत्या'मधला त सुटा पडतो, रफार भलत्याच अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते. युनिकोड फॉन्ट वापरा, तो पीडीएफमध्येच सामावून घ्या, आणि ती पीडीएफ दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून ओळ न् ओळ वाचा.

सगळ्या प्रती काढण्याआधी एक नमुना छापून घ्याच. स्क्रीन मागून उजळलेली असते, कागद नसतो, त्यामुळे छापील फोटो अपेक्षेपेक्षा काळपट येतात. माझे सगळेच आले, मग उजळपणा थोडा वाढवून पुन्हा दिले. चकचकीत कागदापेक्षा मॅट घ्या, दिव्याखाली बघताना चमक येत नाही आणि बोटांचे ठसेही कमी दिसतात.

द्यायचं कधी

समारंभाच्या गर्दीत देऊ नका. तिथे ते भेटींच्या ढिगात जातं, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाहुणे हातोहात चाळतात आणि नवरा-नवरीला शेवटी मिळतं. मी लग्नानंतर दहा दिवसांनी, दोघंच घरी असताना नेऊन दिलं. सोबत सगळ्या मूळ स्कॅनचा पेनड्राइव्ह आणि मामाच्या आवाजाची फाइल दिली. मूळ फोटो त्याआधीच ज्याच्या त्याच्या अल्बममध्ये, फोनवर काढलेल्या चित्रांबरहुकूम परत लावून झाले होते.

महिन्याभराने ताईचा फोन आला. पान ३१ वर विहिरीजवळ उभी असलेली मुलगी ती नव्हेच, मी आहे. मामाने फ्रॉकवरून ओळखलं होतं, आणि फ्रॉक तिचाच होता, पण तोपर्यंत तो माझ्याकडे आला होता. मी नवी ओळ चिकटपट्टीच्या कागदावर छापून तिला पाठवली. तिने ती लावली नाही. खाली पेन्सिलने स्वतःच्या अक्षरात दुरुस्ती केली, आणि कोऱ्या चार पानांतल्या पहिल्यावर भावोजींच्या घरचा एक फोटो लावला.